बारशातली कोटी वहिनीला कळली नाही, आणि मी ती भलत्याच टोकाने समजावली

अबोली_सांगली

मंडळी, एक गोष्ट तीन आठवडे मनातून जात नाहीये, म्हणून धागा काढते आहे.

माझी वहिनी बडोद्याची, गुजराती. लग्नाला अडीच वर्षं झाली. मराठी ती इथे आल्यावर शिकली आणि आता छान बोलते. भाजीवालीशी घासाघीससुद्धा मराठीतच करते. मागच्या महिन्यात भाचीचं बारसं झालं. बाळंतपण माहेरी झालं होतं, त्यामुळे बाराव्या दिवशी न करता ती सव्वा महिन्याने इथे आल्यावर आम्ही ते केलं. तिच्या माहेरचे चौघं आले होते. घरात साठेक माणसं.

नाव सांगायला मी पाळण्याजवळ गेले. कुणीतरी विचारलं, "आत्या तयार आहे ना नाव ठेवायला?" त्यावर आमचे मोठे काका म्हणाले, "तिला कसली तयारी? ती बाराही महिने नावं ठेवते. आज समोर बाळ आहे एवढंच."

सगळे हसले, मीही हसले. काकांचं बोलणं खोटं नाही, मी जरा चिकित्सक आहेच. वहिनीने मात्र खरंच न कळून विचारलं, "बारा महिने? एवढी बाळं कुणाची?"

त्यावर पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. काकू म्हणाल्या, "हिची ट्यूबलाईट अजून पेटायचीय." मला तिची कड घ्यायची होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, सोप्पंय. आपल्याकडे ना, बाळाचं नाव आत्या ठेवते. ती पाळण्याजवळ जाते, बाळाच्या कानात नाव सांगते…" मी हे सावकाश, एकेक शब्द तोडून सांगत होते. वहिनी "हो हो, कळलं" म्हणून हसली. तिची आई शेजारीच बसली होती. त्या बाळाच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिल्या, वर बघेनात.

तेव्हापासून वहिनी काका-काकूंशी हिंदीत बोलते. माझ्याशी मराठीच बोलते, पण मोजकं. मी तिला मदत करायला गेले होते आणि तिला आणखी लहान करून आले, हे मला कळतंय. नेमकं कुठे चुकलं ते कळत नाहीये. अशा वेळी कसं सांगायचं असतं?

घाटवाट

सांगायचंच नसतं. कोटी ऐकल्याक्षणी पोचली तर पोचली, नाही तर सोडून द्यावी. उकलून दाखवलेल्या कोटीवर आजवर कुणी हसलेलं मी पाहिलं नाही. तू विषय बदलून "चला, पाळणा म्हणा" असं म्हणाली असतीस तर दोन मिनिटांत सगळे विसरले असते.

मालतीमावशी

अबोली, मला वाटतं तिला बारशाची पद्धतच आधी नीट सांगायला हवी होती. परक्या घरातून आलेल्या मुलीला हे कुठून माहीत असणार? "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्यावरून-खालून द्यायचं, मग आत्याने कानात कुर्र करून नाव सांगायचं, मग बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. घुगऱ्या वाटायच्या. आमच्या धाकट्या सुनेला मी हे सगळं आदल्या दिवशी वहीत लिहून दिलं होतं. तिचा कुठेच गोंधळ झाला नाही.

बडोदेकर

मावशी, माफ करा, पण गाडी इथेच रुळावरून घसरते आहे. आम्ही तीन पिढ्या बडोद्यात आहोत, घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती. गुजरात्यांत बाळाचं नाव कोण ठेवतं, माहीत आहे? फोई. म्हणजे आत्याच! कापडाची झोळी करून चार जण चार टोकं धरतात, झोळी झुलवत गाणं म्हणतात आणि फोई नाव जाहीर करते. त्या गाण्यात फोईचा उल्लेख असतो. तिथलं शेंबडं पोरही ते म्हणू शकतं.

म्हणजे अबोलीने वहिनीला जे एकेक शब्द तोडून सांगितलं ते तिला लहानपणापासून पाठ होतं. तिच्या आईलाही. त्या माउलीला काय वाटलं असेल याचा विचार करा. आपल्या मुलीला सासरी ठाऊक असलेलीच गोष्ट शिकवताहेत, आणि तीही साठ माणसांत.

तिला नव्हता माहीत तो फक्त एक वाक्प्रचार. गुजरातीत नाव "पाडतात", ठेवत नाहीत. आणि आपण ज्याला नावं ठेवणं म्हणतो त्याला तिकडे "वांधावचका काढवा" म्हणतात. त्यात नावाचा संबंधच नाही. मग तिला दुसरा अर्थ दिसणार कुठून?

अबोली_सांगली

बडोदेकर, वाचून पोटात कालवलं. ती बाळाशी बोलताना मला फोईच म्हणते. "फोई आवी, जो फोई आवी." रोज ऐकते मी हे. तरीही त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, ही बाहेरची आहे, हिला आपली रीत माहीत नसेल.

खडूफळा

मी पंचवीस वर्षं अमराठी नोकरदारांना मराठी शिकवलं. बँकेतले, रेल्वेतले, बदलीवर आलेले. त्या अनुभवावरून सांगतो.

अबोली, तुझ्या वहिनीने विचारलेला प्रश्न पुन्हा वाच. "बारा महिने? एवढी बाळं कुणाची?" या प्रश्नात तिला काय काय कळलं होतं ते सगळं आहे. आत्या नाव ठेवते हे कळलं होतं. बाराही महिने म्हणजे सतत, हे कळलं होतं. नाव ठेवायचं तर बाळ हवं, आणि वर्षभर ठेवायची तर पुष्कळ बाळं हवीत, हा हिशेबही तिने क्षणात केला. जेवढे शब्द हातात होते तेवढ्यांतून निघणारा हा सगळ्यात तर्कशुद्ध प्रश्न आहे. मंद माणसाला हा प्रश्न सुचत नाही. तो काही न विचारता सगळ्यांबरोबर हसतो.

कोटी म्हणजे दोन फळ्या आणि मध्ये एक बिजागरी. तुमच्या कोटीची बिजागरी "नावं ठेवणे". एक फळी बारशाची, दुसरी दोष काढण्याची. वहिनीकडे पहिली फळी होती, दुसरी नव्हती. तू तिला पुन्हा पहिलीच दिलीस. म्हणून समजावूनही कोटी कळली नाही, आणि वर "हिला हेही माहीत नाही असं यांना वाटतं" हे मात्र कळलं.

तिला एवढंच पुरलं असतं: "नावं ठेवणे म्हणजे दोष काढणे." पाचच शब्द. पुढे एक अक्षर नको. काकांनी कुणाला टोमणा मारला, बारशाशी त्याचा काय संबंध, लोक का हसले, हे सांगायचं नाही. ते जोडायला तिला अर्धा सेकंद लागला असता आणि ते तिचं तिने जोडलेलं असतं. समजावणारे नेमका हाच शेवटचा सांधा स्वतः जोडून देतात. लहान मुलाच्या तोंडात घास घातल्यासारखं ते होतं.

शाळेत श्लेष शिकवताना आपल्या बाई काय करायच्या, आठवा. "मित्राच्या उदयाने सर्वांनाच आनंद होतो" हे फळ्यावर लिहायच्या. वर्ग गप्प. मग बाई म्हणायच्या, "मित्र म्हणजे सूर्यसुद्धा." बस. मागच्या बाकापर्यंत "हां…" असा आवाज जायचा. त्या वेळी आपल्यापैकी कुणाला आपण ढ आहोत असं वाटलं होतं का? अडलं होतं ते एका शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता म्हणून. बाईंनी तो दिला, बाकीचं आपण केलं.

पोहे_दडपे

खडूफळा सर, एक शंका. "नाव" आणि "नावं" असा फरकही आहे ना? एकवचन म्हणजे बारसं, अनेकवचन म्हणजे दोष. तो सांगितला असता तर?

खडूफळा

फरक आहेच, आणि चांगला पकडलात. बाळाचं नाव ठेवतात, माणसाला नावं ठेवतात. एकीकडे "चं", दुसरीकडे "ला". शिकणाऱ्याला ही खूण फार उपयोगी पडते. पण भर कार्यक्रमात ती सांगू नये. तिथे एक अर्थ पुरतो. व्याकरण काढलं की त्या माणसाचा विद्यार्थी होतो आणि सगळे त्याच्याकडे बघत बसतात. ते दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना.

पोहे_दडपे

आमच्या गावाकडे "बाळाला नाव ठेवलं" असंही सर्रास म्हणतात, त्यामुळे "ला" ची खूण सगळीकडे चालेल असं नाही. अनेकवचन मात्र पक्कं.

तिसरा_मजला

विषय थोडा वेगळा आहे, पण आमच्या घरातलं सांगते. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. गप्पांत विनोद झाला की ते मागे पडतात. मग आम्ही सगळे मिळून समजावतो, "अहो बाबा, म्हणजे तो असं म्हणाला की…" आणि ते चिडतात. "मला समजतं सगळं," म्हणून उठून जातात. मुलगा म्हणायचा, आजोबांना हल्ली विनोद कळत नाहीत.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा उलगडा झाला. त्यांना बारीक, उंच आवाज कमी ऐकू येतात. आणि आपण विनोद सांगताना शेवटचा शब्द बहुतेक वेळा हसत हसत, आवाज खाली टाकून बोलतो. गंमत तर त्याच शब्दात असते. त्यांना वाक्य ऐकू यायचं, शेवट नाही. आता आम्ही फक्त तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणतो. अर्थ सांगत नाही. ते हसतात, आणि वर एखादा स्वतःचा जोडतात.

खडूफळा

तुम्ही वेगळा म्हणालात, पण विषय हाच आहे. आधी वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणावं. ऐकू आलं नसेल तर काम तिथेच होतं. आणि शब्द अडला असेल तर बहुतेक माणसं दुसऱ्यांदा ऐकताना स्वतःच तो उचलून विचारतात, "नावं ठेवते म्हणजे?" मग काय द्यायचं ते आपल्याला शोधावं लागत नाही. "कळलं का?" असं मात्र विचारू नये. त्याला "हो" सोडून दुसरं उत्तर देण्याची सोय नसते.

हुबळी_ते_पुणे

मी या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे, म्हणून लिहितो. माझी मातृभाषा कन्नड, पुण्यात अकरा वर्षं झाली. मराठी ऑफिसात शिकलो.

सगळ्यात जास्त काय लागतं ते सांगतो. पहिला हशा लागत नाही. कळलं नाही तर आपण गप्प राहतो, ते जमतं. दुसरा हशा लागतो, आपण विचारल्यावरचा. त्यातून आपण एक शिकतो, की यापुढे विचारायचं नाही. अबोलीताई, तुमच्या वहिनीने हिंदी धरली त्याचं कारण मला हेच वाटतं. हिंदीत काही हुकलं तर ती भाषा त्यांचीही नाही आणि हिचीही नाही. दोघं सारखेच परके.

दुसरी गोष्ट आवाजाची. समोरचा एकदम सावकाश बोलायला लागतो. कालपर्यंत माझ्याशी भराभर बोलणारा माणूस "तू… असं… समज…" करतो, तेव्हा अकरा वर्षं पुसली जातात. नेहमीच्या वेगात सांगा. शब्द नवा असेल, पण कान जुनेच आहेत.

तिसरी. लोक प्रेमाने म्हणतात, "अरे, मलाही आधी कळलं नव्हतं." तुम्ही सगळ्यांत आधी हसलेले असता आणि मी ते पाहिलेलं असतं. त्यापेक्षा काही न बोललेलं बरं.

आणि एक प्रसंग. आमच्या एका साहेबांचा निरोप समारंभ होता. एका जुन्या पुरवठादाराने त्यांना शाल आणि टोपी दिली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजवर पाठीमागून घालत होता, आज समोरून घातली." सगळे हसले. मी हसलो नाही. शेजारचा मित्र लगेच माझ्या कानाशी, "टोपी घालणे म्हणजे मराठीत फसवणे." आता कन्नडमध्येही टोपी घालणं म्हणजे फसवणंच, "टोपी हाकु" म्हणतात. मला त्याच्याआधीच कळलं होतं. साहेबांची पत्नी पहिल्या रांगेत बसली होती, म्हणून हसलो नव्हतो. हसला नाही म्हणजे कळलं नाही असं धरून चालू नका. तो मित्र खरंच चांगला आहे, पण त्या दिवशी मला वाटलं, हा माझ्याकडे किती बारीक लक्ष ठेवून असतो. आवडलं नाही मला.

घाटवाट

म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं की. समजावायला जाऊ नका.

हुबळी_ते_पुणे

अर्धं बरोबर आहे, घाटवाट. माणूस गप्प असेल तर जाऊ नका. पण त्याने विचारलं तर उत्तर द्या. वहिनींनी स्वतः विचारलं होतं. तिथे विषय बदलून "चला, पाळणा म्हणा" म्हणालात तर तिचा प्रश्न हवेतच राहतो आणि हशा मात्र तिच्या नावावर जमा होतो. आणि हसू परत यावं म्हणून थोडंच सांगायचं असतं? ते येणार नाही, हे तुमचं खरं आहे. पण ती त्या खोलीत परत येते ना.

घाटवाट

हे पटलं. विचारणारा आणि गप्प राहणारा, मी दोघांना एकच धरत होतो.

मालतीमावशी

मला फोईचं खरंच माहीत नव्हतं. बडोदेकर, बरं झालं सांगितलंत. आता मला माझ्या त्या वहीबद्दलच शंका येतेय. सून बेळगावची आहे. तिला यातलं बरंचसं माहीत असणार, आणि मी पानभर लिहून दिलं. ती काही बोलली नाही, "थँक्यू आई" म्हणाली. आज फोन करून विचारते तिला.

पण अबोली, एक विचारू? ती कोटी तुझ्यावर होती. सगळ्यांदेखत पाळण्याजवळ उभं करून तुला टोमणा मारला. तुझ्या काकांना कुणी काही बोललं की नाही?

अबोली_सांगली

मावशी, मला खरंच लागलं नाही. आमच्याकडे हे चालतं, आणि काकांचा माझ्यावर जीव आहे.

खडूफळा

मालतीमावशींनी विषय दुसरीकडे नेला असं वाटेल, पण त्यांनी महत्त्वाच्या जागी बोट ठेवलं आहे. या कोटीत एक माणूस सापडतो, आणि समजावणारी तीच होती. शेवटपर्यंत समजावायचं तर अबोलीला म्हणावं लागलं असतं, "म्हणजे मी सगळ्यांचे दोष काढत असते." आपल्यावरची कोटी आपणच उलगडणं अवघड असतं. माणूस नकळत सोप्या बाजूने जातो. ती रीत सांगत बसली त्यात हाही भाग असू शकेल. अबोली, मी चुकत असेन तर सांग.

तिथे दादाने सांगायला हवं होतं. कोटीत जो सापडला नाही, जो शेजारी बसला आहे आणि जो बाकीच्यांकडे न बघता हळू बोलू शकतो, त्याने.

अबोली_सांगली

सर, चुकत नाही आहात. मी "दोष" हा शब्द टाळला. हे मला आत्ता, तुमचं वाचताना कळलं.

दादा पाळण्याच्या दोऱ्या बघत होता. त्याला हे काही कळलंच नाही.

आता पुढचा प्रश्न. आज तीन आठवड्यांनी हे तिच्याकडे काढू का? की राहू देऊ?

बडोदेकर

काढ. सरळ सांग, "वहिनी, त्या दिवशी मी तुला तुलाच माहीत असलेलं शिकवत बसले, माझं चुकलं." बस.

खडूफळा

मी थोडं वेगळं सुचवेन. कोटी काढूच नकोस. तो वाक्प्रचार तिच्या कानावर पडू दे, तिच्याशी संबंध नसलेल्या वाक्यात. "आज मावशींनी माझ्या पोळ्यांना नावं ठेवली." तिला ते आपसूक लागेल आणि मागचं ती जोडेल. वर्गात हे मी नेहमी करत असे. अडलेला शब्द त्याच दिवशी समजावायचा नाही, चार दिवसांनी दुसऱ्या वाक्यात आणायचा.

हुबळी_ते_पुणे

सर, वर्गात ठीक आहे. घरात कुणी माझ्यासाठी वाक्य मुद्दाम पेरतंय हे मला कळलं, तर मला त्या टोपीपेक्षा जास्त लागेल. माझं मत बडोदेकरांसारखं. आणि माफी मागायची तर दुसऱ्या हशाची मागा. समजावणं त्या मानाने लहान.

खडूफळा

पेरलेलं ओळखू येतं हे खरं. माझ्या विद्यार्थ्यांनी मला हे कधी बोलून दाखवलं नाही. पण तुम्ही म्हणता तर त्यांनाही कळत असणार. तरीही पूर्ण मत बदलत नाही. काही माणसांना समोरासमोरची माफी हशापेक्षा जड जाते. वहिनी कशी आहे ते अबोलीलाच माहीत.

अबोली_सांगली

पाच दिवसांनी लिहिते आहे.

मी काही ठरवलं नव्हतं. काल संध्याकाळी ती बाळाला तेल लावत होती आणि मी शेजारी लंगोट घड्या करत होते. मावशी येऊन गेल्या होत्या आणि त्यांनी खरोखरच माझ्या आमटीची खोड काढली होती. मी चिडून म्हणाले, "मावशींना कुठल्याही आमटीला नावं ठेवायचीच असतात." पेरलं नव्हतं, शपथेवर सांगते. तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

तिचा हात बाळाच्या पोटावर थांबला. "नावं ठेवायची म्हणजे वांधा काढायचा?" मी म्हणाले, "हो." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एटले काका तुला बोलले होते?"

मी मान हलवली. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, एवढी बाळं कुणाची. म्हणजे तुझ्यावर अजून हसायला दिलं मी. तुला किती वाईट वाटलं असेल, ताई."

तीन आठवडे मी तिच्यासाठी वाईट वाटून घेत होते, आणि अर्थ कळल्याबरोबर तिच्या मनात पहिलं हे आलं. मग मी सांगितलं, की लोक माझ्यावर हसत नव्हते, तुझ्या प्रश्नावर हसले, आणि ते बरोबर नव्हतं, आणि मीही तुला फोईचीच गोष्ट शिकवत बसले. त्यावर ती म्हणाली, "मम्मी घरी जाताना विचारत होती, यांना वाटतं का आपल्याकडे फोई नसते?" हे तिने जरा हसून सांगितलं, पण सांगितलं.

काकूंचं ट्यूबलाईट मात्र तिला तेव्हाच कळलं होतं. तो शब्द हिंदीतही आहे. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही काढलं नाही. काका-काकूंशी अजून हिंदीच चालू आहे.

मालतीमावशी

मी सुनेला विचारलं गं. ती म्हणाली, "आई, मला सगळं माहीत होतं, पण तुमचं अक्षर छान आहे म्हणून वही ठेवली आहे." कशी मुलगी आहे बघा.

हुबळी_ते_पुणे

अबोलीताई, काकूंशी तुम्ही एकदा एकट्यात बोला असं मला वाटतं. वहिनींना न सांगता. "ती विचारते तेव्हा हसू नका" एवढंच.

बडोदेकर

आणि तिच्या मम्मींना एक फोन. गुजरातीत येत नसेल तर हिंदीत, पण "हुं फोई बोलुं छुं" एवढं पहिलं वाक्य पाठ करून घे.

अबोली_सांगली

रविवारी करते. "बोलुं" मधला अनुस्वार नीट उच्चारायला वहिनीकडूनच शिकून घेते.